आसनगावला उतरा: शहापूरच्या ओळखीचं काम करतानाच्या नोंदी

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. पोट भरतं ते पाकिटं, लेबलं आणि दुकानांच्या पाट्या डिझाइन करून. शहापूरच्या एका किराणावाल्या मित्राने बोलावलं म्हणून गावाची ओळख तयार करण्याच्या या कामात पडलो. गावातले नऊ जण, त्यांनी आपसात काढलेली साठ हजारांची वर्गणी, आणि मागणी एवढीच की शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची माणसं शहापूरला यावीत. असं काम कुणी आपल्या गावासाठी काढलं तर आमच्या चुका तरी पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

पहिली बैठक मित्राच्या गोदामात, तांदळाच्या पोत्यांवर बसून झाली. दोन तास गेले. ‘मिनी महाबळेश्वर’ ही सूचना तिघांनी केली. शहापुरात एप्रिलमध्ये दुपारी घराबाहेर पडवत नाही, हे त्या तिघांनाही माहीत होतं.

दुसरी सूचना बरी वाटली होती. तानसा, भातसा ही धरणं याच तालुक्यात. तानसा तर १८९२ सालचं. मुंबईच्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा. म्हणून ‘मुंबईची तहान भागवणारा तालुका’. मी वहीत लिहूनही घेतलं. मग कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त ग्रामसेवक काका म्हणाले, “लिहा खुशाल. पण एप्रिलमध्ये लोक येतील तेव्हा आमच्या पाड्यावर टँकरभोवती हंड्यांची रांग असेल. फोटो कशाचा काढतील?” शिवाय धरणाच्या भिंतीवर कुणाला जाऊ देत नाहीत. म्हणजे जे दाखवता येत नाही आणि ज्याची आपल्यालाच टंचाई, त्याची जाहिरात. ओळ खोडली.

राहिला माहुली किल्ला. १६३६ साली शहाजीराजांना याच किल्ल्यावर शरण यावं लागलं, पुढे पुरंदरच्या तहात तो मोगलांना गेला आणि १६७० मध्ये परत आला. इतिहासाचे सर म्हणाले, फलकावर हेच लिहा. मी म्हटलं, आधी माणसं मोजू.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेसहा ते अकरा आसनगाव स्टेशनच्या बाहेर दोघं उभे राहिलो. पाठीवर सॅक असलेले ६३ जण उतरले. त्यातले ५१ जण वडापाव आणि पाण्याची बाटली घेऊन थेट रिक्षाने माहुली गावाकडे गेले. शहापूरच्या बाजारपेठेत एकही गेला नाही. स्टेशनपासून गाव तीनेक किलोमीटर, किल्ल्याचा पायथा दुसऱ्याच बाजूला. शहापुरात जायचं कारणच काय?

संध्याकाळी उतरून आलेल्यांपैकी जे बोलायला तयार झाले त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: आज कुठे आला होतात? ‘माहुली’ किंवा ‘आसनगाव’. ‘शहापूर’ असं एकानेही म्हटलं नाही. एका मुलीला आम्ही शहापूरचे आहोत म्हटल्यावर तिने विचारलं, “बेळगावचं का?”

त्या रात्री नावावरून भांडण झालं. गावाचं नाव मागे टाकायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? पण ठाण्याच्या फलाटावर माणूस वर बघतो तेव्हा इंडिकेटरवर त्याला AN दिसतं, घोषणेत आसनगाव ऐकू येतं, फोनवर तो तेच शोधतो. ज्या नावाने माणूस गाडीत बसतो ते नाव पुढे, शहापूर त्याच्या खाली. मित्राने तीन दिवस माझा फोन घेतला नाही.

९ मार्च, रविवार

माझी चूक, तीही धंद्यातली. आदिवासी भाग म्हणून मी हातात हात घालून नाचणाऱ्या वारली आकृत्या, मागे किल्ल्याचे सुळके आणि धबधबा अशी खूण काढली. सगळ्यांना आवडली. दोन मोठे फलक आणि हजार पत्रकं छापली, ११,५०० रुपये गेले.

फलक घेऊन माहुलीच्या रस्त्यावरच्या पाड्यावर गेलो. एका मावशींनी तो नीट बघितला. म्हणाल्या, “छान हाय. पण हे आमचं नाय, दादा. आम्ही ठाकूर. ही चित्रं डहाणूकडं काढतात.” त्या रागावल्या नव्हत्या, मला समजावत होत्या. मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय की पाकिटावर तेच छापा जे आत आहे. दोन्ही फलक आता मित्राच्या गोदामात पोत्यांखाली अंथरलेत.

२२ मार्च, शनिवार

हा दिवस महत्त्वाचा. सकाळी ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेत होतो. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसलेल्या मावशींना सहज विचारलं, कुठून येता? “आसनगाव.” पहाटेची गाडी, डोक्यावर पाटी, दुपारी परत. पावसाळ्यात काय आणता म्हटल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं: पहिल्या सरीला शेवळं, मग कुळू, टाकळा, कुर्डू, पुढे भारंगी, करटुली.

आमच्या घरी जून लागला की आई शेवळांची वाट बघते. ठाण्यातल्या सीकेपी घरांत तर शेवळाच्या कणीवरून रुसवेफुगवे होतात. ही भाजी दरवर्षी आसनगावहून लोकलने आमच्या दारात येते आणि आम्हाला ते गाव माहीत नाही. फेब्रुवारीपासून आम्ही गावात काय आहे ते शोधत होतो, आणि ते रोज पहाटे गाव सोडून ठाण्याला येत होतं.

“मावशी, आम्ही तिकडे येऊन खाल्लं तर?”

“माझ्या घरी? पावसात पत्रा गळतोय माझा,” म्हणून त्या हसत सुटल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “समाजमंदिर हाय पण.”

६ एप्रिल, रविवार

पाड्यावरच्या समाजमंदिरात बचत गटाच्या अकरा बायका, आम्ही तिघं. त्यांच्याकडून तीन गोष्टी ठरल्या. जंगलात फिरवून भाजी खुडायला शिकवायची, ही माझी कल्पना त्यांनी जागीच मोडली. वर तानसा अभयारण्य आहे, तिथलं पानही तोडायचं नाही. भाजी येणार ती बांधावरून आणि मालकीच्या वरकस जमिनीवरून. दुसरं, एका वेळी चाळीसच पानं, कारण चुली दोन आणि भाकऱ्या थापणारे हात सहा. तिसरं, संडास. समाजमंदिराचा संडास बंद होता. टाकी, नळ, दार आणि कडी मिळून ९,२०० रुपये लागले. वर्गणीतला हा एकच खर्च असा आहे ज्याबद्दल आजवर कुणी कुरकुर केली नाही.

अन्न सुरक्षेची नोंदणीही केली. तेव्हा, २०२५ मध्ये, वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी पुरत होती, फी वर्षाला शंभर रुपये होती. अर्ज foscos.fssai.gov.in वर भरायचा. आमचा एकदा परत आला, कारण गटाचं नाव बँकेच्या पुस्तकात एक आणि अर्जात दुसरं होतं. अडीच आठवडे गेले.

४ मे, रविवार

नवी खूण तयार झाली. पळसाचं एक पान, त्यावर हाताने लिहिल्यासारखी अक्षरं: आसनगावला उतरा. रानातलं जेवा. खाली बारीक अक्षरात ‘शहापूर तालुका’. किल्ला नाही, धबधबा नाही. जेवण वाढतात ते पळसाच्याच पत्रावळीवर, म्हणून हे चित्र खोटं पडणार नाही.

सुरुवात १५ जूनला. तेव्हा शेवळं भरात असतात, असं गेली कित्येक वर्षं सगळ्याच बायकांनी पाहिलेलं. ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या दुकानांत लावायला पाचशे पत्रकं छापली, तारखेसकट. त्यावर शेवळांचा मोठा फोटो.

२७ मे, मंगळवार

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच पाऊस कोसळतोय. काल, २६ तारखेला, मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. पाड्यावरून फोन आला, “दादा, शेवळं वर आलीत. पंधरा तारखेपर्यंत थांबायची नाय ती.”

शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पहिल्या पावसाने कंद जागा झाला की पानाआधी हा जांभळट दांडा जमिनीतून वर येतो. तीनेक आठवड्यांत खेळ संपतो, मग पान फुटतं. त्याला आमच्या पत्रकावरची तारीख कशी कळणार? पाचशे पत्रकं रद्दीत, २,८०० रुपये. सुरुवात १ जूनला ओढली आणि निरोप फोनवरूनच पाठवले.

१ जून, रविवार

अडतीस जण आले. बहुतेक ठाण्या-डोंबिवलीचे, दोन कुटुंबं आजी-आजोबांसह. तांदळाची भाकरी, शेवळं, कुळूची भाजी, वरण-भात, ठेचा. पहिली पंगत झकास झाली. दुसऱ्या पंगतीत एका आजोबांनी घास घेतला, थांबले आणि घशाला हात लावला. मग शेजारच्या बाईंनी. दहा मिनिटांत सात जणांच्या घशात खवखव. कोकमाचं पाणी दिलं, गूळ दिला. तासाभरात सगळे बरे झाले, पण एक मुलगा घाबरून रडत होता आणि त्याच्या वडिलांनी मला जे सुनावलं ते रास्तच होतं.

शेवळं खाजरी असतात हे मला माहीत होतं. खाज कशी मारतात हे मात्र मी कधी बघितलंच नव्हतं. दुपारी गटातल्या मोठ्या मावशींनी एक शेवळ सोलून दाखवलं. बाहेरचं आवरण काढलं की आत दांडा दिसतो. त्याच्या खालच्या अंगाला पिवळसर दाण्यांचा पट्टा असतो. तो खरवडून टाकायचा, खाज मुख्यतः तिथेच. उरलेलं बारीक चिरून काकडाच्या फळांच्या रसात शिजवायचं. काकड म्हणजे आवळ्याहून लहान, हिरवं, आंबट रानफळ. बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं मिळतात ती याचसाठी.

चुका दोन झाल्या होत्या. आदल्या रात्री सोलायला दोन नव्या मुली बसल्या होत्या, त्यांच्या वाट्याच्या शेवळांवर पिवळा पट्टा बऱ्याच ठिकाणी तसाच होता. आणि काकडं आणली होती पंचवीस माणसांच्या मापाने. ती पहिल्याच पातेल्यात संपली. दुसऱ्या पातेल्याला चिंच लावली, तीही घाईत. नक्की कशामुळे झालं हे कळावं म्हणून मावशींनी दुसऱ्या दिवशी दोन लहान पातेली लावली. नीट सोललेली शेवळं चिंचेत घातली ती निभावली. पट्टा राहिलेली काकडात घातली ती तरीही चावली. म्हणजे मुख्य दोष सोलण्याचा.

तेव्हापासून नियम असा: शेवळं दोनच बायका सोलतात, तिसरी उजेडात एकेक तपासते, आणि वाढण्याच्या अर्धा तास आधी प्रत्येक पातेल्यातला एक घास मोठ्या मावशी आणि मी खातो. चावलं तर ते पातेलं पंगतीत जात नाही.

८ जून, रविवार

हिशोबाला बसलो तर वेगळीच खाज. एका पानाचे आम्ही १०० रुपये घेत होतो. सामान ५८ आणि जळण १२ धरून सत्तर जातात, तीस उरतात. चाळीस पानांचे १,२००. सहा बायका पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत राबणार, वाट्याला दोनशे. तीच बाई पाटी घेऊन ठाण्याला आली तर गाडीभाडं जाऊन पाचशे-सहाशे घरी नेते. मग ती रविवारी इथे का थांबेल? पहिल्या रविवारी आल्या त्या माझ्या भिडेखातर.

पानाचे १८० केले. चाळीस पानांमागे ४,४०० उरतात. समाजमंदिराच्या देखभालीला ४०० आणि सामानाच्या रिक्षेला ४०० काढले की ३,६००, म्हणजे बाईला सहाशे. ठाण्याच्या फेरीइतके, आणि डोक्यावर पाटी नाही. दर वाढल्यावर लोक येणार नाहीत असं गटातल्या दोघांना वाटत होतं. त्या रविवारी एकेचाळीस आले.

१६ जून, सोमवार

काल मावळात कुंडमळ्याचा पूल पडला, चार माणसं गेली. आज जिकडेतिकडे धबधब्यांवर बंदीची चर्चा. आमच्यातल्या एकाने हौसेने धबधब्याचा फोटो टाकून निमंत्रण फिरवलं होतं. ते काढायला लावलं. आपण बोलावलेला माणूस पाण्यात उतरणार असेल तर जबाबदारी आपली. पावसात जे केव्हाही बंद होऊ शकतं त्यावर गावाची ओळख उभी करता येत नाही.

२९ जून, रविवार

शेवळं संपून दोन आठवडे झाले, तरी लोक फोन करून शेवळंच मागतात. पत्रकावरच्या फोटोची ही करणी. आता छापील मजकुरात एकाही भाजीचं नाव नाही. पानाच्या खुणेखाली एक रिकामी चौकट, तिच्यात दर गुरुवारी मावशी सांगतील ती नावं खडूने. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे काळी पाटी ठेवली आणि तिचाच फोटो काढून गुरुवारी रात्री पाठवतो. या आठवड्याची पाटी: टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. शेवळं नाहीत हे खडूने लिहिलेलं वाचलं की लोक समजून घेतात. छापलेलं मिळालं नाही तर फसवलं म्हणतात.

आज मेगाब्लॉक होता. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्यामुळे साडेअकराची पंगत सव्वाबाराला बसली. आधीची आसनगाव गाडी चुकली तर पुढचीसाठी बरंच थांबावं लागतं. ब्लॉकचं वेळापत्रक शुक्रवार-शनिवारपर्यंत येतं, म्हणून पंगतीची वेळ आता शनिवारी दुपारी पक्की करतो.

१३ जुलै, रविवार

कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि ९७ माणसं उतरली. पावणेएकला भाकऱ्या संपल्या. मी ठाण्याच्या पाहुण्यांसमोर हात जोडून उभा, आणि किल्ल्यावरून उतरलेली भिजलेली पोरं भात तरी द्या म्हणत होती. मित्राचं म्हणणं, पुढच्या वेळी केटररकडून वाढवून घेऊ. बायकांनी सरळ नकार दिला: “त्याच्या हातचं जेवायला लोक कशाला गाडीत बसतील?”

तेव्हापासून दोन पंगती, चाळीस-चाळीस, शनिवारी संध्याकाळपर्यंत फोनवर नावं. दोन चुली वाढवल्या, बायका अकराच्या अकरा. ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठी चहावाल्याकडे भाकरी-ठेच्याची पुडी, चाळीस रुपयांना. यात एक अनपेक्षित फायदा झाला. दुसऱ्या पंगतीची माणसं तासभर मोकळी असतात, त्यांना रिक्षावाले शहापूरच्या बाजारात नेऊन आणतात. तिथे तांदूळ, नाचणी, पापड विकले जातात. माझ्या मित्राच्या दुकानासमोर पहिल्यांदाच सॅकवाली माणसं उभी राहिली. आता तो माझा फोन उचलतो.

२० जुलै, रविवार

गटारी तोंडावर. नाव नोंदवलेल्या एका टोळक्याने कोंबडी मिळेल का विचारलं, मग बाटल्या काढल्या. त्यांना पैसे परत देऊन रिक्षात बसवलं. रिक्षाभाड्याचा वादही आजच मिटला. स्टेशन ते समाजमंदिर माणशी ठरलेला दर काळ्या पाटीवर लिहिला, आणि जो जास्त घेईल त्याला परतीचं भाडं नाही, हे रिक्षावाल्यांनी स्वतःच ठरवलं. आम्ही सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

२४ ऑगस्ट, रविवार

काल श्रावण संपला. श्रावणातले चारही रविवार दोन्ही पंगती भरल्या, शाकाहारी जेवण शोधणाऱ्यांचा फायदा झाला. आजची पाटी: करटुली, भारंगीची फुलं. येत्या बुधवारी गणपती, पुढचे दोन रविवार बंद.

वर्गणीतले ७,४०० शिल्लक आहेत. वाया गेलेल्या छपाईचे १४,३०० मी माझ्या खिशातून भरले.

मोठ्या मावशींनी आज एक गोष्ट काढली. जूनमध्ये शेवळांचा भाव वाढलेला बघून बाहेरची दोन माणसं बांधावरचे कंदच खणून नेत होती. दांडा खुडला तर कंद पुढच्या वर्षी पुन्हा वर येतो. कंद गेला की ती जागा कायमची रिकामी. हे आमच्या पाटीमुळे झालं का, मी विचारलं. “थोडं तुमच्यामुळं बी,” त्या म्हणाल्या. पुढच्या जूनसाठी त्यांनी ठरवलंय: शेवळं फक्त पहिले दोन रविवार, प्रत्येक जागी तीनातला एक दांडा उभा सोडायचा, आणि कोणत्या बांधावरून आणली ते पाहुण्यांना सांगायचं नाही. शेवटची अट मला उद्देशून होती, कारण जुलैत मी एका बांधाचा फोटो टाकला होता. तो काढून टाकलाय.